कानात भलतंच गाणं वाजतंय? बसमध्ये इअरबड्स लावताना या चुका टाळा

कात्रजहून शिवाजीनगरला जाणाऱ्या सकाळच्या बसमधली गोष्ट. मी अभंग लावला आणि कानात हळदीचं डीजे गाणं सुरू झालं. अभंगही वाजत होता, पण खिशातल्या फोनच्या स्पीकरवर. बाजूच्या आजी माझ्या खिशाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात कानातला आवाज पायरी पायरीने चढत गेला. मी कशालाही हात लावला नव्हता.

पुढच्या सीटवर एक कॉलेजचा मुलगा होता. नवीन बड्स कानात, आणि अंगठा फोनच्या आवाजाच्या बटणावर. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं म्हणून तो आवाज वाढवत होता आणि तो सगळा माझ्या कानात येत होता. मग गाणं थांबलं, रिंग वाजली, त्याने फोन उचलला आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "अरे, डबा राहिला ना टेबलावर!" मी त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "आई विचारतेय, डबा राहिला का?" तो दचकलाच. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

चूक माझ्यापासून सुरू झाली होती, आणि हीच चूक मला रोज दिसते. फोनचं ब्लूटूथ बंद असताना बड्स डबीतून बाहेर काढायचे. बॅटरी वाचावी म्हणून मी रात्री ब्लूटूथ बंद केलं होतं. डबी उघडली की बड्स आधी ओळखीचा फोन शोधतात. तो सापडला नाही, तर बरेच बड्स थोड्या वेळाने आपोआप पेअरिंगला तयार होतात आणि आसपासच्या फोनना दिसू लागतात. बड्सना ना स्क्रीन ना आकड्यांची बटणं, त्यामुळे आकडा टाकून खात्री करायची सोय नसते. ज्याने नावावर बोट ठेवलं, त्याचे ते झाले. ब्लूटूथची पोच साधारण 10 मीटर आणि बस 12 मीटरची, म्हणजे जवळपास अख्खी बस तुमच्या टप्प्यात. मुलाचे बड्स माझ्याच मॉडेलचे होते. त्याच्या `Pair new device` यादीत एकच नाव दोनदा आलं आणि त्याने वरचं दाबलं.

मी आता आधी ब्लूटूथ चालू करतो, मग डबी उघडतो, आणि फोनवर "कनेक्टेड" दिसल्याशिवाय बड कानात घालत नाही. यात चार सेकंद जातात. ब्लूटूथ नुसतं चालू ठेवल्याने आजच्या फोनची बॅटरी जाणवण्याइतकी उतरत नाही, तेव्हा ती काटकसर सोडा.

दुसरी चूक त्या मुलाने केली, आणि मी त्याला करू दिली. फक्त जोडणी तोडली की झालं, असं समजणं. त्याने माझे बड्स डिस्कनेक्ट केले, आम्ही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये पुन्हा हळदीचं गाणं! पेअरिंग झालं की दोन्ही बाजूंना त्या जोडणीची एकच गुप्त किल्ली साठवली जाते. डिस्कनेक्ट केल्याने ती पुसली जात नाही. त्याने `Forget` दाबलं असतं, तर त्याच्या फोनमधली किल्ली गेली असती आणि पुन्हा आपोआप जोडणी झाली नसती. पण माझ्या बड्समध्ये त्याचा फोन नोंदलेला राहिलाच असता.

अनोळखी माणसाच्या फोनवर विसंबण्यापेक्षा आपले बड्स रीसेट करावेत. कुणाचं डबीवरचं बटण दाबून धरायचं असतं, कुणाचे दोन्ही बड. आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा, अंदाजाने दाबू नका. रीसेट केल्यावर आपल्या फोनच्या यादीतूनही जुनं नाव काढा आणि मगच नव्याने जोडा. घाईची माणसं इथेच अडकतात. फोनकडे जुनी किल्ली आणि बड्स कोरे, म्हणून जोडणी होत नाही, आणि "बड्स गेले" म्हणत ती दुकान गाठतात.

सारख्या नावांचा घोळ टाळायला अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये बड्सचं नाव बदललंत, तर ते सहसा तुमच्याच फोनपुरतं बदलतं. इतरांना कंपनीचंच नाव दिसतं. बड्सच्या स्वतःच्या ॲपमध्ये नाव बदलायची सोय असली, तर ते तिथे बदला आणि दुसऱ्या फोनवर बघून खात्री करा.

नवीन बड्स बसमध्ये पहिल्यांदा जोडू नका, घरी जोडून या.

एकाच वेळी दोन फोन जोडायची सोय चालू असेल, तर तुमचा फोन जोडलेला असतानाही आधी नोंदलेला परका फोन आत येऊ शकतो. मी ती सोय बंद ठेवतो. तो मुलगा अजून त्याच बसला असतो, आणि हल्ली डबा घेऊनच चढतो.