आटे चुकलेला नळ बदलून मागताय? मेलमधल्या या चुका टाळा

आमचं गोडाऊन वाडीला, अमरावती रोडवर. तिथून नळ-फिटिंगचा माल ऑनलाइन जातो अन् गिऱ्हाइकांचे मेल वाचायचं काम माझ्याकडे, सहा वर्षं झाली. एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली येतात, ते भरायला प्रत्येकाला अंगणात नाहीतर गच्चीवर एक नळ पाहिजे असतो, तो मागवतात, तो बसत नाही, अन् मग दुपारी बारा वाजता मेल येतो: "चुकीचा पीस पाठवला, ताबडतोब बदलून द्या." बस, एवढंच. कोणता नळ, काय चुकलं, बदलून काय पाहिजे, काही नाही. ऑर्डर नंबरसुद्धा नाही, तो मी फोन नंबरवरून शोधत बसतो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे पट्टीनं आटे मोजून "साइज चुकली" असं छातीठोक लिहिणं. नळाच्या आट्यांना अर्धा इंच म्हणतात ते आट्यांचं माप नाहीच मुळी. जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं ते नाव आहे. पाइपाची जाडी धरून बाहेरचे आटे मोजले तर अर्धा इंची नळ जवळपास २१ मिलीमीटर भरतो, अन् पाऊण इंची साडेसव्वीसच्या आसपास. आता खरी गंमत पुढे आहे, बॉक्सवर अर्ध्या इंचीला १५ एमएम लिहितात अन् पाऊण इंचीला २० एमएम. म्हणजे माणूस जुना नळ काढतो, कंपासपेटीतली पट्टी लावतो, २०-२१ दिसते, अन् बिनधास्त २० एमएमचा नळ मागवतो. येतो पाऊण इंची, भिंतीत शिरत नाही, अन् शिव्या आम्हाला. किंवा उलटं, बरोबर १५ एमएमचा मागवतो, आल्यावर पट्टी लावतो अन् लिहितो की १५ सांगून २१ चा पाठवला, फसवणूक आहे. असे मेल मी फोटोसकट जपून ठेवलेत, नवीन पोरगं कामाला लागलं की आधी तेच दाखवतो.

व्हर्नियर घरी कोणाकडे नसतो अन् पट्टी गोल वस्तूवर नेमकी बसत नाही, म्हणून माझी सवय वेगळी आहे. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायची, आट्यांच्या बाहेरून एकदा घट्ट गुंडाळायची, जिथे टोक कागदाला भेटलं तिथे पेनानं खूण करायची अन् मग कागद सपाट करून पट्टीनं मोजायचा. ६६ मिलीमीटरच्या जवळ आला तर अर्धा इंची, ८३ च्या जवळ आला तर पाऊण इंची, ५२ च्या जवळ आला तर तीन सूत. एखाद-दोन मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक इतका मोठा आहे की चूक होतच नाही. अन् भिंतीत जाणारं टोक मोजा बाप्पा, एका ताईंनी पाणी पडते त्या तोंडाची जाळी काढून तिथले आटे मोजले होते.

दुसरी चूक माझ्या जास्त जवळची आहे, कारण तिच्यात मीही फसलो. तीन-चार वर्षांआधी नंदनवनकडच्या एका काकांचा मेल आला, "अर्धा इंची मागवला, तुम्ही तीन सूत पाठवला, भिंतीत टाकला की डुगडुगते." सोबत एक फोटो, चादरीवर नळ ठेवलेला, बाजूला तिरपी पट्टी, आकडे वाचता येत नव्हते. मे महिना, मेलचा ढीग पडलेला, मी काही न विचारता बदलून दुसरा पाठवला. आठ दिवसांनी पुन्हा मेल, हाही डुगडुगते, अन् यावेळी उद्गारचिन्हांची रांग. आम्ही परत आलेला पहिला पीस मोजला तर अगदी बरोबर अर्धा इंची. माझं घर त्याच बाजूला आहे, म्हटलं रविवारी जाऊनच येतो.

भिंतीत पाहिलं तर जुनी जीआय लाइन, अन् भोक पाऊण इंची. "काका, जुना नळ कुठाय?" "तो काय, बादलीमागं पडला आहे, त्याचं काय करता?" उचलून पाहिला तर नळाच्या आट्यांवर एक पितळी बुश जाम बसलेला. वीस वर्षांआधी प्लंबरनं पाऊण इंची लाइनला अर्धा इंची नळ जोडायला रेड्यूसर बुश टाकला होता, सुतळी अन् सफेदा लावून, अन् इतक्या वर्षांत बुश नळाशी असा एकजीव झाला की नळ फिरवला तर तोच भिंतीतून निघून आला. काकांना वाटलं तो नळाचाच भाग आहे. पाइप पाना लावून आम्ही तो काढला, नवीन बुश आणला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून, तीस रुपयांचा, टेप मारली अन् दहा मिनिटांत नळ बसला. काकांनी चहा पाजला, मेलबद्दल एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून नळ ढिला होतो असा मेल आला की मी पहिले जुन्या नळाचा फोटो मागतो, अन् लोक चिडतात, जुन्याचं तुम्हाला काय करायचं म्हणून. पण जुन्या नळाच्या आट्यांवर षटकोनी कडा किंवा दोन आट्यांच्या मधे एक बारीक जोड दिसला तर समजून जा की बुश आहे. मेल लिहायच्या आधी एवढं पाहून घ्या, अर्धे मेल लिहावेच लागणार नाहीत. अन् चूक तुमचीच निघाली, म्हणजे २० चा मागवायला नको होता असं लक्षात आलं, तर तसं सरळ लिहा. परत करायची मुदत असली अन् पीस कोरा असला तर बहुतेक विक्रेते बदलून देतात. खोटं लिहिलं तर आमच्याकडे तुमची ऑर्डर उघडीच असते नं.

कोरा पीस म्हणजे काय ते पण सांगतो. टेफ्लॉन टेप मारून, पान्यानं आवळून, बसला नाही म्हणून परत काढून, टेप नखानं खरडून बॉक्समध्ये टाकलेला नळ कोरा नसतो, अन् आट्यांच्या खाचेत पांढरा धागा राहतोच. पान्याचा क्रोमवरचा ओरखडा तर लपतच नाही. पहिल्यांदा हातानं फिरवून पाहा, टेप नको, पाना नको. हा एक मिनिट पण लोकांना नसतो, अन् मग आठवडाभर मेल करायला वेळ असतो.

एक वेगळी केस. नळ दोन-तीन आटे नीट जातो अन् मग दगडासारखा अडकतो. बाहेरून आलेल्या काही महागड्या नळांना अमेरिकन आटे असतात. अर्धा इंची असेल तर तिथेही अन् आपल्याकडेही इंचात १४ च आटे, म्हणून सुरुवात होते, पण त्या आट्यांची धार ६० अंशाची अन् आपली ५५ ची, शिवाय ते टोकाकडे निमुळते. कागदाची पट्टी इथे काही सांगत नाही, जाडी जवळपास सारखीच येते. अशा वेळी साइज चुकली असं लिहू नका, आम्ही मोजू अन् साइज बरोबर म्हणून परत पाठवू. "अर्धा इंचीच आहे पण नवीन सॉकेटमध्ये हातानं तीन आट्यांपुढे जात नाही" असं लिहा अन् छोटा व्हिडिओ जोडा. जोर लावून आवळू नका, पितळ कापल्या जाते.

आता चांगला मेल कसा असतो ते दाखवतो. मागच्या उन्हाळ्यात एका शिक्षिकेचा आला होता, तिच्या परवानगीनं, ऑर्डर नंबर अन् नाव काढून:

विषय: ऑर्डर क्र. … – बिब कॉकचे आटे १५ ऐवजी २० एमएम, बदलून हवा

नमस्कार,
९ तारखेला मिळालेला बिब कॉक बसत नाही. तुमच्या पानावर अन् बॉक्सच्या स्टिकरवर १५ एमएम (अर्धा इंच) लिहिलं आहे, पण आतल्या नळाचे आटे पाऊण इंची आहेत. आट्यांभोवती कागद गुंडाळून मोजला, ८३ मिमी भरला. माझा जुना अर्धा इंची नळ तसाच मोजला तर ६६ भरतो, त्यावर बुश नाही.
नळ फक्त हातानं लावून पाहिला, टेप किंवा पाना लावलेला नाही. बॉक्स अन् पिशवी आहे.
मला हाच नळ १५ एमएममध्ये हवा. पाठवायच्या आधी आटे तपासून घ्याल का? स्टॉकमधले सगळे असेच असतील तर पैसे परत करा.
फोटो: स्टिकर, आटे, दोन्ही कागद पट्टीसोबत, जुना-नवा नळ शेजारी.

मी हा मेल वाचून उठलो, रॅकवरचे त्याच स्टिकरचे बॉक्स उघडले, अन् त्यातले बरेच पाऊण इंची निघाले. पॅकिंगला स्टिकर उलटेपालटे लागले होते. तिला त्याच दिवशी योग्य पीस गेला.

त्या मेलमधलं माझं आवडतं वाक्य म्हणजे "पाठवायच्या आधी आटे तपासून घ्याल का". लोकांना वाटते बदलून द्या म्हटलं की बरोबर वस्तू येणार. तसं नसते. सिस्टिममध्ये बदल टाकला की तोच माल, तोच कोड, पुन्हा निघतो, अन् स्टिकर चुकलेला असला तर त्याच ढिगातला दुसरा चुकीचा नळ तुमच्या दारात येतो. काकांचं आठवा, मी पण तेच केलं होतं. म्हणून जे पाहिजे ते आकड्यात लिहा अन् नाही मिळालं तर काय पाहिजे तेही त्याच मेलमध्ये लिहा.

रोज नवीन मेल टाकू नका, प्रत्येक नव्या मेलची नवी तक्रार बनते अन् दोन माणसं दोन वेगळी उत्तरं देतात. पहिल्याच मेलवर रिप्लाय करत राहा.

अन् पहिल्याच मेलमध्ये ग्राहक कोर्टाची धमकी नको, ते वाचून मेल माझ्याकडून उचलून साहेबांकडे जातो अन् साहेब सुट्टीवर असतात. ते हत्यार नंतरचं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची अन् महिन्याभरात निकाल लावायचा असतो. म्हणून नीट मेल करूनही कोणी हललं नाही, तर त्याच मेलवर तक्रार अधिकाऱ्याला जोडा, अन् मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावा, पहिल्या मेलची तारीख अन् ते कागदाचे फोटो हाताशी ठेवून.