हॉटेलच्या बोर्डाचा फोटो काढून भाषांतर केलं अन मेल टाकला? या चुका टाळा

खत-बियाण्याच्या कंपन्या कृषी केंद्रवाल्यांना स्कीममध्ये बँकॉक-पटाया फिरवून आणतात, हे आपल्या इकडं काही नवीन नाही. नवरा-बायको कंपनीच्या खर्चात, पोरगं सोबत नेलं तर त्याचं आपल्या खिशातून. अन चेकआउटच्या वेळी बस हॉर्न मारत असते तेव्हाच हॉटेलवाला एक्स्ट्रा बिल हातात ठेवते. मग पैसे भरायचे, काउंटरवरच्या थाई बोर्डाचा फोटो काढायचा अन गावात येऊन भांडायचं. असे मेल टाईप करायला लोक माझ्या सेतू केंद्रावर येतात, म्हणून लिहून ठेवतो.

एका भाऊंचंच बघा. पोरगा १० वर्षांचा, मुक्काम २ रात्री, पोराचे म्हणून १,१७७ बात घेतले. बोर्डाचं भाषांतर मोबाईलवर आलं ते असं, "१२ वर्षांखालील मुले पालकांसोबत बेड शुल्क ५००". भाऊ तापलेलेच होते, म्हणे ५०० दुणे १०००, वरचे १७७ काहून घेतले, चोरी आहे ही, तसंच लिही.

पहिली चूक फोटोतच होती. फोटो तिरपा, वरून काचेवर ट्यूबलाईटची चमक. थाई लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळं ओळ वाकडी आली की अॅपला एक वाक्य कुठं संपलं अन दुसरं कुठं सुरू झालं तेच कळत नाही, ते दोन ओळींची खिचडी करून देते. फोटो सरळ करा, एकेक ओळ क्रॉप करा अन प्रत्येक ओळीचं वेगळं भाषांतर घ्या. आम्ही तसं केलं तर दोन नियम निघाले: १२ वर्षांखालचं पोरगं आईबापाच्या बेडवर झोपलं तर पैसे नाहीत, अन एक्स्ट्रा बेड घेतला तर एका रात्रीचे ५००, पुढं ++ अशी खूण. पहिल्या वेळी "नाही" अन "एक्स्ट्रा" हेच शब्द गळाले होते, अन सगळा अर्थ त्यांच्यावरच होता.

ते दोन प्लस लोक डिझाईन समजून सोडून देतात. तिकडं त्याचा अर्थ असा की १० टक्के सर्व्हिस चार्ज अन ७ टक्के व्हॅट वेगळा, अन व्हॅट लागतो तो सर्व्हिस चार्ज धरून. म्हणजे ५०० चे ५५०, त्यावर ७ टक्के धरून ५८८.५०, दोन रात्रीचे बरोबर १,१७७. हिशोबात चोरी नव्हतीच, आता मुद्दा एवढाच उरला की बेड घेतला होता की नाही.

हे मेल लिहायच्या आधी घरी विचारा बरं. रात्री रूमबॉयनं गादी आणून टाकली अन पोरगा त्याच्यावर झोपला असंल तर मेल टाकूच नका. भाऊंनी वहिनींना फोन लावला, त्या म्हणाल्या पोरगा आपल्या मधातच झोपला होता, गादीबिदी कोणी आणली नाही. मग लिहिलं.

बोर्डावर खाली २५६२ दिसलं तर तो रेट समजू नका, तो थाई सन असते, ५४३ वजा करा म्हणजे २०१९. बोर्ड जुना असंल तर आज कोणता रेट चालू आहे तेही विचारून घ्यावं.

आता मेल. "तुमच्या बोर्डावर असं लिहिलं आहे" असं ठासून लिहू नका, कारण भाषांतर तुमचं आहे, बोर्ड त्यांचा. मराठीत आधी छोटी वाक्यं लिहा अन प्रत्येकात "आम्ही", "आमचा मुलगा" असं स्पष्ट टाका, नाहीतर "बेड घेतला नाही" याचं इंग्रजीत "त्याने घेतला नाही" होऊन जाते. आमचा मजकूर एवढाच होता:

"आम्ही रूम नंबर अमुकमध्ये अमुक तारखांना २ रात्री राहिलो. आमचा मुलगा १० वर्षांचा आहे. तो आमच्याच बेडवर झोपला. आम्ही एक्स्ट्रा बेड मागितला नाही आणि हॉटेलच्या कोणी तो आमच्या रूममध्ये आणलाही नाही. बिलात १,१७७ बात लागले आहेत. बोर्डाचा फोटो जोडला आहे, त्यावर आम्ही खूण केलेली ओळ आम्हाला भाषांतरातून अशी समजली की अशा मुलाला पैसे लागत नाहीत. आमचं समजणं बरोबर आहे का? बरोबर असेल तर रक्कम परत मिळेल का?"

बिलाचा अन बोर्डाचा, दोन्ही फोटो लावा, ओरिजनलच, भाषांतराचा स्क्रीनशॉट पाठवून त्यांना काही समजत नाही. अन एक गोष्ट हमखास राहते: स्कीमच्या टूरमध्ये रूम तुमच्या नावावर नसते, एजंटच्या नावानं ग्रुप बुकिंग असते, त्यामुळं हॉटेलवाला तुमचं नाव शोधून म्हणते की असा गेस्टच नव्हता. ग्रुपचं नाव टाका, टूर मॅनेजरला त्याच मेलमध्ये कॉपी करा. कार्डनं भरले असतील तर स्लिपवरचे शेवटचे चार आकडे द्या, रिफंड साधारण त्याच कार्डावर येते. अख्खा कार्ड नंबर अन मागचे तीन आकडे मेलवर कोणीही मागो, द्यायचे नाहीत.