ट्रॉलीची दांडी "कायमची टिकणार" होती, तिसऱ्या हंगामात तडकली: मायनरचा हिशोब करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडच्या पलीकडं एकजण उसाच्या ट्रॉल्या बनवतो. जानेवारीत चिकोडीकडची एक ट्रॉली परत आली, पुढची दांडी चॅसीला जिथं वेल्ड केलेली तिथं क्रॅक. ग्राइंडरनं कापून उघडली तर वेल्डच्या कडेपासून आत अर्ध्यापर्यंत तपकिरी गंज चढलेला होता आणि उरलेला भाग नव्या पत्र्यासारखा चकचकीत, म्हणजे क्रॅक महिनोन्महिने आत सरकायलाच होता, तुटायची वेळ तेवढी त्या दिवशी आली. मालक म्हणाला, "अहो, डिझाइन करणाऱ्या पोरानं तर कायमची टिकंल म्हणून लिहून दिलंय की!"

तो कागद मागवला. पोरगं हुशार, ताण मोजणारं स्ट्रेन गेज लावून एका पूर्ण खेपेचं रीडिंग पण घेतलेलं, शेतातून पाणंदीनं कारखाना आणि रिकामी परत. मेहनतीत कमी नव्हतं, घोळ पुढच्या हिशोबात होता. आणि हे घोळ बरेचजण करतात म्हणून लिहायलोय.

आधी मायनरचा नियम एका दमात सांगतो, बदलत्या ताणाखाली वस्तू किती टिकंल याचा. ताण एकदा चढून उतरला की एक सायकल. पामग्रेननं १९२४ मध्ये बेअरिंगसाठी मांडला, मायनरनं १९४५ मध्ये पुढं नेला. एका ताणाला जॉइंट N सायकल टिकत असेल आणि तुम्ही त्यातले n वापरले तर n/N एवढं आयुष्य खर्च झालं, असे सगळे तुकडे बेरीज करायचे आणि बेरीज १ झाली की संपलं. बँकेतनं पैसे काढल्यासारखं, बस.

आता ट्रॉलीचे आकडे, सोपं पडावं म्हणून गोल केलेत. एका खेपेत २०० मेगापास्कलचे झटके ४ (बांध ओलांडताना, पाणंदीतनं डांबरीवर चढताना), १२० चे ६०, ६० चे १५०० आणि ३० चे ८०००. हे सगळे रेंज, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत. कुठल्या ताणाला वेल्ड किती सायकल टिकतो हे सांगणारा जो कर्व्ह घेतला तो असा:

```
N = 5e11 / S**3      # S = रेंज, मेगापास्कल
```

पोरानं केलेली पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे सरासरी काढली. सगळे ९,५६४ सायकल घेऊन सरासरी रेंज आली ३५.३. आणि या कर्व्हचा गुडघा, म्हणजे जिथनं पुढं रेषा सपाट होते ती जागा, १ कोटी सायकलवर, म्हणजे ३६.८ मेगापास्कलवर. सरासरी त्याच्याखाली आली, सपाट रेषा दिसली, "अनंत आयुष्य" लिहून मोकळा. पण नुकसान ताणाच्या घनानं वाढतं ना, २०० चा एक झटका ३० च्या जवळपास ३०० झटक्यांएवढा खातो, मग साधी सरासरी कशी चालंल? सरासरी घ्यायचीच असंल तर S चा घन करून सरासरी काढा आणि मग घनमूळ घ्या, इथं ते ४१.३ येतं. आकड्यात फरक सहाचा, पण एक गुडघ्याच्या खाली आणि दुसरा वर. त्यापेक्षा सरळ गटागटानं हिशोब करा:

२०० ला N येतो ६२,५००, नुकसान ०.००००६४. १२० ला सुमारे २,८९,०००, नुकसान ०.०००२०७. ६० ला सुमारे २३,१५,०००, नुकसान ०.०००६४८. गंमत बघा, आपण सगळे घाबरतो त्या मोठ्या झटक्यांना, आणि सगळ्यात जास्त खाल्लं ते ६० च्या रोजच्या हादऱ्यांनी. तरी ट्रॉलीवाला म्हणायला तयार, "बांधावरच तुटलं असंल!" तुटलं बांधावर, झिजलं रस्त्यावर.

राहिले ३० चे ८००० सायकल. ते गुडघ्याखाली आहेत म्हणून शून्य धरायचे का? धरले तर खेपेचं नुकसान ०.०००९१९, म्हणजे साधारण १,०९० खेपा. ही दुसरी चूक. ती सपाट रेषा सगळे सायकल एकसारखे असतील तेव्हाची. मोठ्या झटक्यांनी एकदा बारीक क्रॅक सुरू केला की मग छोटे सायकल पण तो पुढं ढकलतात. म्हणून बदलत्या लोडला गुडघ्याखाली रेषा सपाट न ठेवता उतार, म्हणजे S चा घात, ३ च्या जागी ५ घेतात. तसं केलं तर ३० ला N येतो सुमारे २.८ कोटी, नुकसान ०.०००२८७, एकूण ०.००१२०६ आणि खेपा सुमारे ८३०. दिवसाला दोन खेपा आणि हंगाम १२० दिवसांचा धरला तर साडेतीन हंगामाच्या आतच. कुठं कायमची आणि कुठं साडेतीन!

तिसरी चूक सायकल मोजण्यात होते, आणि ही पकडायला अवघड कारण ग्राफ छान दिसतो. समजा ताण ० वरनं १०० वर गेला, ६० वर उतरला, १६० वर चढला आणि परत ०. पोरं प्रत्येक चढउतार अर्धा सायकल धरतात: १००, ४०, १००, १६०. पण धातूच्या नजरेनं हा ० ते १६० चा एक पूर्ण सायकल आणि मध्ये ४० चा एक छोटा फाटा आहे. घनाचा हिशोब लावला तर अर्ध्या-अर्ध्या पद्धतीत नुकसान चतुर्थांशानं कमी दिसतं. यासाठी रेनफ्लो मोजणी वापरा, १९६८ मध्ये मात्सुइशी आणि एंडो यांनी मांडलेली, पायथनमध्ये आयती मिळते:

```
import rainflow
D = sum(c * r**3 for r, c in rainflow.count_cycles(stress)) / 5e11
```

यात ५ चा उतार नाही, तो वेगळा घाला. आणि `r` म्हणजे रेंज आहे. कोणी अँप्लिट्यूड, म्हणजे मधल्या रेषेपासून टोकापर्यंतचा ताण, समजून अर्धा केला तर घनात ८ पट चूक, तिथं ८३० खेपा कागदावर हजारांत जातात. आयुष्य आठपट चांगलं आलं की खूश व्हायचं नाही, आधी इथं बघायचं.

अजून एक, भरलेली खेप आणि रिकामी खेप अशा दोन वेगळ्या फाइली करून मोजू नका. रिकाम्याच्या तळापासून भरलेल्याच्या माथ्यापर्यंतचा सगळ्यात मोठा सायकल दोन फाइलींच्या मध्ये पडून हरवतो. आमच्या ट्रॉलीत तो खेपेला एकच होता, म्हणून फारसा फरक पडला नाही. पण टिपरच्या जॅकसारख्या, दाब चढून उतरणाऱ्या वस्तूत तोच सगळं खातो.

आता राहिली शेवटची, बेरीज १ ला तुटतं ही श्रद्धा. आमची ट्रॉली परत आली तेव्हा सुमारे ६०० खेपा झाल्या होत्या, म्हणजे बेरीज ०.७२. कर्व्ह आधीच सावध, शंभरातले ९७-९८ जॉइंट टिकतील असा काढलेला, तरी पण. नियमाला क्रम कळत नाही, मोठे झटके आधी आले की छोटे नंतर, त्याला सगळं सारखंच. म्हणून आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशीत बदलत्या लोडसाठी बेरीज ०.५ वरच थांबवायला सांगितलंय. तसं धरलं तर ४१५ खेपा, पावणेदोन हंगाम.

पोराला बोलावून हे सगळं दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, मग दर हंगामाच्या आधी रंग लावून क्रॅक शोधायची डीपी टेस्ट लावायची का वेल्डला?" म्हटलं लाव की, आणि दांडीखाली आधाराची पट्टी, एक गसेट पण जोड, फक्त ताण १० टक्के कमी झाला तरी आयुष्य निदान १.३७ पट होतं बघ. पण गसेटचं टोक त्याच जागी आणून संपवू नकोस, नाहीतर नवा क्रॅक तिथनंच सुरू होतो.