'H₀ स्वीकारली' लिहिलं नाही म्हणून मार्क गेले, तर मॅडमना पत्र कसं लिहायचं

आधीच सांगतो, हे कॉलेजच्या इंटर्नल टेस्टपुरतं आहे. युनिव्हर्सिटीच्या पेपरला रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरावा लागतो, तिथं पत्राचा काही उपयोग नाही.

आमच्या पेपरात संत्रा बर्फीच्या डब्यांचा प्रश्न होता. डब्यावर ५०० ग्रॅम छापलेलं, २५ डब्यांची सरासरी ४९६, स्टँडर्ड डेव्हिएशन १२. t आला -१.६७, टेबलमधली व्हॅल्यू २.०६, म्हणजे H₀ रिजेक्ट होत नाही. इथपर्यंत सगळ्यांचं सेम. शेवटी मी लिहिलं, "५% लेव्हलला सरासरी वजन ५०० पेक्षा वेगळं आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही." मॉडेल आन्सरमध्ये होतं "H₀ स्वीकारली, सरासरी ५०० ग्रॅम आहे." तीनही मार्क गेले!

आता इथं पोरं काय करतात, पुस्तक उघडून "पाहा मॅडम, accept लिहायचंच नसते" करत भांडायला जातात. तसं करू नका बे. 'स्वीकारली' हा शब्द अर्ध्या पुस्तकांत आहे आणि नेमन-पिअरसनच्या पद्धतीत तो निर्णय म्हणून चालतो, म्हणजे तूर्तास H₀ धरून चला एवढंच. खरी गडबड पुढच्या वाक्यात आहे, "सरासरी ५०० आहे". त्याच डेटावर H₀ मध्ये ५०० च्या जागी ४९५ टाकून पाहा, t येतो ०.४२, तीही रिजेक्ट होत नाही. मग सरासरी ५०० पण आणि ४९५ पण? ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ४९१ ते ५०१ येतो, त्यातली कोणतीही व्हॅल्यू H₀ मध्ये टाकली तरी हेच होईल. पत्रात फक्त हेच लिहायचं. सिनियर सांगतात तसं "सर्वांना मिळाले, मला नाही" हे रडगाणं नको, त्याने मॅडम अजून चिडतात.

मी दिलेलं पत्र असं:

"आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. प्रश्न ४ मधला माझा निष्कर्ष सवडीने एकदा पाहाल का? H₀ रिजेक्ट होत नाही हा निर्णय मॉडेल आन्सरशी जुळतो. सरासरी ५०० आहे असं मी लिहिलं नाही, कारण याच डेटावर ४९५ ही सुद्धा रिजेक्ट होत नाही, आकडेमोड मागे जोडली आहे. माझं समजण्यात चुकत असेल तर कृपया सांगावं. आपला विद्यार्थी."

घाबरू नका, एवढ्या पत्राने कोणी राग धरत नाही. पण तुम्ही "H₀ सिद्ध झाली" किंवा "H₀ खरी असण्याची शक्यता ९५%" असं लिहिलं असेल तर पत्र देऊच नका, ते मार्क बरोबरच कापलेत.

मॅडमनी दोन दिले. तिसरा नाही, त्यांचं म्हणणं 'H₀ नाकारता येत नाही' ही निर्णयाची ओळ वेगळी लिहायला पाहिजे होती. मला ते अजून पटलं नाही, पण आता दोन्ही ओळी लिहितो.