साधी आणि घातांकी चल सरासरी: हाताने कशी काढावी, आणि नव्या भावाकडे घातांकी सरासरी आधी का वळते

शेअरच्या आलेखावर साधी चल सरासरी म्हणजे SMA आणि घातांकी चल सरासरी म्हणजे EMA अशा एकाच कालावधीच्या दोन रेषा लावल्या, तर भाव अचानक उसळल्यावर EMA ची रेषा आधी वळते. ‘ती ताज्या भावाला जास्त वजन देते’ एवढे कारण सहसा सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. हे वजन किती जास्त असते, ते कोणत्या दिवसांच्या वाट्यातून काढलेले असते आणि मिळालेली आघाडी किती दिवस टिकते, हे पाच दिवसांची सरासरी एकदा स्वतः वहीत मांडल्यावरच नीट कळते. म्हणून येथे मुद्दाम सोपे भाव घेतले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष कंपनीचे नाहीत.

पहिली पायरी: भाव लिहून घेणे

सरासरीसाठी दर दिवसाचा बंद भाव घ्यावा. ‘पाच दिवस’ म्हणजे बाजार चालू असलेले पाच दिवस. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या मोजायच्या नाहीत, आणि त्यांच्या जागी शून्य किंवा आदल्या दिवसाचाच भाव भरायचा नाही. आपल्या उदाहरणातले पहिले पाच बंद भाव १००, १०२, १०१, १०३ आणि १०४ रुपये आहेत.

दुसरी पायरी: साधी चल सरासरी

पाचही भावांची बेरीज ५१० येते. तिला पाचने भागले की १०२ ही पाचव्या दिवसाची साधी सरासरी मिळते. पहिल्या चार दिवसांना सरासरी नसते, त्यामुळे त्या जागा कोऱ्या सोडाव्यात. सहाव्या दिवशी भाव १०५ झाला, तर सगळी बेरीज पुन्हा करण्याची गरज नाही: सर्वांत जुना १०० वजा करावा, नवा १०५ मिळवावा, ५१५ ला पाचने भागावे आणि १०३ लिहावेत. दर दिवशी एक भाव आत येतो आणि एक बाहेर जातो, म्हणूनच हिला चल सरासरी म्हणतात. बाहेर जाणाऱ्या भावाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत, कारण साध्या सरासरीतली एक मोठी खोड तिथेच आहे.

तिसरी पायरी: घातांकी चल सरासरी

हिच्यासाठी आधी एक गुणक काढावा लागतो. कालावधीत एक मिळवून दोनला त्या संख्येने भागायचे. पाच दिवसांसाठी २ भागिले ६, म्हणजे एक तृतीयांश. सुरुवात कुठून तरी करावीच लागते, म्हणून पाचव्या दिवसाची साधी सरासरी, म्हणजे १०२, हीच पहिली घातांकी सरासरी धरण्याची रीत आहे. त्यानंतर रोज एकच कृती करायची: आजच्या भावातून कालची घातांकी सरासरी वजा करायची, उरलेल्या फरकाला गुणकाने गुणायचे आणि आलेली रक्कम कालच्या सरासरीत मिळवायची. सहाव्या दिवशी १०५ मधून १०२ वजा केल्यावर ३ उरतात, त्यांचा तिसरा हिस्सा १, म्हणून नवी सरासरी १०३.

म्हणजेच घातांकी सरासरी रोज भाव आणि स्वतः यांच्यातले एक तृतीयांश अंतर कापते. फरक ऋण आला, तर ती तेवढीच खाली येते. जुन्या भावांची यादी जवळ ठेवण्याची गरज उरत नाही, कारण मागचे सगळे भाव कालच्या एका आकड्यातच सामावलेले असतात.

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या ओळीत शीर्षके आणि B2 पासून खाली भाव लिहिलेले असतील, तर सूत्रे अशी होतात:

```
C6: =AVERAGE(B2:B6)
D6: =AVERAGE(B2:B6)
D7: =D6+(B7-D6)*2/(5+1)
```

C6 आणि D7 ही दोन सूत्रे खाली ओढत न्यावीत, D6 मात्र ओढू नये. ते फक्त सुरुवातीचे बी आहे.

चौथी पायरी: उसळीचा दिवस मांडून पाहणे

सहाव्या दिवशी दोन्ही सरासऱ्या १०३ वर आहेत. समजा, सातव्या दिवशी भाव एकदम ११५ वर गेला आणि पुढे तिथेच आसपास राहिला.

| दिवस | बंद भाव | साधी | घातांकी |
|---|---|---|---|
| ६ | १०५ | १०३.० | १०३ |
| ७ | ११५ | १०५.६ | १०७ |
| ८ | ११६ | १०८.६ | ११० |
| ९ | ११६ | १११.२ | ११२ |
| १० | ११५ | ११३.४ | ११३ |
| ११ | ११६ | ११५.६ | ११४ |

सातव्या दिवशी घातांकी सरासरी चार रुपये चढली, तर साधी दोन रुपये साठ पैसे. वेग म्हणतात तो हाच. पण तक्ता शेवटपर्यंत वाचावा. दहाव्या दिवशी साधी सरासरी पुढे निघून गेली, आणि अकराव्या दिवशी ती नव्या पातळीवर पूर्ण पोहोचलेली असताना घातांकी अजून दीड रुपयाहून अधिक मागे आहे. घातांकी सरासरी आधी निघते, पण मुक्कामाला मागाहून पोहोचते. ही गोष्ट फार क्वचित सांगितली जाते, आणि माझ्या मते सर्वांत आधी हीच सांगायला हवी.

हा वेग येतो कुठून

साध्या सरासरीत पाचही दिवसांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी २० टक्के असतो. घातांकी सरासरीत आजचा भाव ३३.३ टक्के वाटा घेतो. उरलेल्या दोन तृतीयांशांपैकी पुन्हा एक तृतीयांश कालच्या भावाला जातो, म्हणजे २२.२ टक्के. परवाच्या भावाला १४.८, त्याआधीच्या दोन दिवसांना ९.९ आणि ६.६. दर पायरीला वाटा त्याच प्रमाणात घटतो, म्हणून हिला घातांकी हे नाव आहे. या पाच दिवसांची बेरीज ८६.८ टक्के भरते. उरलेले १३.२ टक्के त्याहून जुन्या, साध्या सरासरीने केव्हाच सोडून दिलेल्या भावांकडे जातात.

आज आणि काल यांचा वाटा वाढला आहे, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचा घटला आहे, आणि त्यापलीकडच्या दिवसांना एक लांब, बारीक शेपूट मिळाले आहे. वाढलेल्या वाट्यामुळे ती लवकर वळते आणि या शेपटामुळे पूर्ण पोहोचायला वेळ लावते. कालावधी मोठा घेतला तरी हे नाते टिकते. वीस दिवसांच्या साध्या सरासरीत आजच्या भावाचा वाटा ५ टक्के असतो, घातांकीत सुमारे ९.५, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता २ भागिले कालावधी अधिक एक हे सूत्र का घेतात, तेही पाहू. पाच दिवसांच्या साध्या सरासरीत आजच्या भावाचे वय शून्य, कालच्याचे एक, असे मोजत गेल्यास भावांचे सरासरी वय दोन दिवस येते. घातांकी सरासरीत प्रत्येक भावाचे वय त्याच्या वाट्याने गुणून बेरीज केली, तर एक तृतीयांश गुणकासाठी तीही नेमकी दोन दिवस येते. गुणक असा निवडलेला आहे की दोन्हींचे सरासरी वय सारखे राहावे.

याचा परिणाम पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. भाव बरेच दिवस रोज एक रुपयाने संथपणे चढत असेल आणि आज १३० वर असेल, तर १२६ ते १३० यांची साधी सरासरी १२८ येते. घातांकीही १२८ च येते, कारण काल ती १२७ वर होती आणि १३० शी असलेल्या तीन रुपयांच्या अंतरापैकी तिने एक कापला. एकसारख्या चढणीत दोघी सारख्याच मागे असतात. घातांकी सरासरीची तत्परता फक्त चाल बदलते तेव्हा, तीही पहिल्या काही दिवसांतच दिसते.

बाहेर जाणाऱ्या भावाची खोड

भाव १०० वर स्थिर आहे, एकच दिवस १३० झाला आणि लगेच १०० वर परतला, असे समजा. साधी सरासरी त्या दिवशी १०६ होते आणि पाच दिवस तिथेच राहते. सहाव्या दिवशी तो १३० यादीबाहेर पडताच ती एकदम सहा रुपये घसरते, आणि त्या दिवशी बाजारात तर काहीच घडलेले नसते. एकाच घटनेवर ती दोनदा हलते. घातांकी सरासरी त्या दिवशी ११० वर जाते, म्हणजे तिला धक्का अधिक बसतो, पण नंतर ती १०६.६७, १०४.४४ अशी हळूहळू उतरते आणि नंतर कधी दचकत नाही. म्हणून साधी सरासरी अचानक वळलेली दिसली, तर आजच्या भावाआधी त्या दिवशी यादीतून कोणता भाव बाहेर पडला ते तपासावे. घातांकीबाबत उलट काळजी घ्यावी लागते: एका दिवसाच्या खोट्या उसळीलाही ती तितक्याच तत्परतेने भुलते.

आपले आकडे आणि पडद्यावरचे आकडे जुळत नसतील तर

बहुतेक वेळा कारण सुरुवातीच्या बीजात असते. कुणी पहिली साधी सरासरी बी म्हणून घेतो, कुणी थेट पहिला भाव. कालावधीइतके दिवस उलटल्यावरही सुरुवातीच्या बीजाचा सुमारे १३ टक्के अंश शिल्लक असतो. तिप्पट दिवस गेले की तो पाव टक्क्याच्या आसपास येतो. म्हणून २०० दिवसांची घातांकी सरासरी हवी असेल, तर २०० नव्हे, निदान ६०० ते ८०० दिवसांचे भाव घ्यावेत. फरक दिवसेंदिवस आपोआप कमी होत असेल, तर दोष बीजाचाच आहे असे समजावे. कमी होत नसेल, तर गुणक तपासावा. तांत्रिक विश्लेषक वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या आरएसआय या भावाच्या चढउताराचा जोर मोजणाऱ्या निर्देशकामध्ये गुणक १ भागिले कालावधी असा असतो, त्यामुळे त्यांची १४ दिवसांची सरासरी नेहमीच्या सूत्राने २७ दिवसांच्या घातांकी सरासरीइतकी संथ असते.

दुसरे कारण बोनस किंवा विभाजन. एकास एक बोनस दिला की शेअरचा भाव साधारण निम्मा होतो. जुने भाव त्या प्रमाणात निम्मे केले नाहीत, तर दोन्ही सरासऱ्यांना ती प्रचंड मंदी वाटते. माझ्या एका तक्त्यात असेच झाले होते आणि मी दोन दिवस सूत्रातली चूक शोधत बसलो होतो, सूत्र मात्र बरोबर होते. साध्या सरासरीतला असा डाग कालावधी संपताच निघून जातो. घातांकीत तो विरत जातो, पण कुठल्याच दिवशी पूर्ण जात नाही, त्यामुळे भाव दुरुस्त करून सरासरी अगदी पहिल्या ओळीपासून पुन्हा काढावी लागते.