शिष्यवृत्तीचा बॉण्ड मध्येच सोडताय? हिशेबातल्या या चुका टाळा

पदवीनंतर ठरावीक वर्षं नोकरी करण्याच्या अटीवर मिळालेली शिष्यवृत्ती बहुतेकांना बक्षिसासारखी वाटते. प्रत्यक्षात तो करार असतो. शिक्षणाचा खर्च आम्ही करतो, तुम्ही सेवा द्या, सेवा दिली नाहीत तर पैसे परत करा, असं त्यात लिहिलेलं असतं. सही करताना यातलं शेवटचं वाक्य कुणी नीट वाचत नाही. मग नोकरी सोडायची वेळ आली की जो तो आपल्या मनाने हिशेब मांडतो, आणि तो हिशेब जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

हातात आलं तेवढंच देणं, असं धरून चालणं

समजा, एका विद्यार्थिनीला चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी 3 लाख, असे एकूण 12 लाख मिळाले. यातले 7 लाख फी म्हणून परस्पर विद्यापीठात गेले, 1 लाख प्रवास आणि विम्यावर खर्च झाले, आणि दरमहाच्या भत्त्याचे 4 लाख तिच्या खात्यात आले. बॉण्ड 48 महिन्यांचा होता. तिने 30 महिने नोकरी केली आणि राजीनामा दिला, म्हणजे 18 महिने राहिले.

तिचा अंदाज काय असेल? मला 4 लाख मिळाले आणि 18 महिने राहिले, तर देणं सुमारे दीड लाख. पण बॉण्डमध्ये बहुधा ‘विद्यार्थ्यासाठी केलेला सर्व खर्च’ असे शब्द असतात. फी, विमा, तिकिटं, कधीकधी तयारीच्या अभ्यासवर्गाचा खर्चही त्यात येतो. म्हणजे मूळ रक्कम 12 लाख. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात काढली तर 4 लाख 50 हजार. अंदाजाच्या तिप्पट, आणि व्याज अजून धरलेलंच नाही.

व्याज बहुतेक बॉण्डांत राजीनाम्याच्या दिवसापासून चालू होत नाही. पैसे दिले त्या दिवसापासून, प्रत्येक हप्त्यावर वेगळं, ते मोजलं जातं. आपल्या उदाहरणात दर 8 टक्के, सरळ व्याज, आणि हप्ते प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला दिलेले, असं धरू. पहिल्या हप्त्यावर साडेसहा वर्षांचं व्याज लागेल, दुसऱ्यावर साडेपाच, तिसऱ्यावर साडेचार, चौथ्यावर साडेतीन वर्षांचं. मिळून 20 वर्षं. 3 लाखांवर 8 टक्क्यांनी 20 वर्षांचं व्याज 4 लाख 80 हजार होतं. एकूण 16 लाख 80 हजार, आणि त्यातला राहिलेल्या 18 महिन्यांचा वाटा 6 लाख 30 हजार. चक्रवाढ असेल तर आणखी वाढेल.

म्हणून पहिलं काम हे की बॉण्डमध्ये व्याजाचा दर, सरळ की चक्रवाढ आणि मोजणीची सुरुवात कोणत्या तारखेपासून, या तीन गोष्टी शोधा. सापडत नसतील तर शिष्यवृत्ती देणाऱ्यांना लेखी विचारा. फोनवर सांगितलेल्या आकड्याला काही किंमत नाही.

केलेल्या नोकरीची वजावट मिळेलच, हे गृहीत धरणं

वर मी प्रमाणात वजावट धरली, ती तुमच्या बॉण्डमध्ये असेलच असं नाही. इथेच सगळ्यात मोठा फरक पडतो, त्यामुळे जरा थांबून पाहू.

काही बॉण्डांत महिन्या-महिन्याची वजावट असते. काहींत फक्त पूर्ण झालेली वर्षं धरतात. आणि काहींत वजावट मुळीच नसते, 47 महिने करून एक महिना आधी सोडलं तरी पूर्ण रक्कम मागतात. आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी पहिल्या प्रकारात 6 लाख 30 हजार देईल. दुसऱ्या प्रकारात तिची दोनच वर्षं धरली जातील, म्हणून निम्मी रक्कम, म्हणजे 8 लाख 40 हजार. तिसऱ्या प्रकारात थेट 16 लाख 80 हजार.

आता दुसरा प्रकार घ्या आणि तिने आणखी सहा महिने काढले असं समजा. व्याज वाढून एकूण रक्कम 17 लाख 28 हजार होईल, पण तीन वर्षं पूर्ण झाल्यामुळे देणं चौथा हिस्सा, 4 लाख 32 हजार. सहा महिन्यांच्या नोकरीने 4 लाखांहून जास्त वाचले. नव्या नोकरीची घाई असते हे मान्य, पण राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी हा हिशेब करायला अर्धा तास लागतो, आणि तो बहुतेक जण करत नाहीत.

काही ठिकाणी तर मिळाले त्याहून जास्त परत करावे लागतात. अमेरिकेतल्या ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ची शिष्यवृत्ती घेऊन डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात सेवा न देणाऱ्याकडून किती वसूल करायचं, याचं सूत्र तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे:

```
A = 3Z(t − s)/t
```

इथे Z म्हणजे दिलेली रक्कम आणि तिच्यावरचं व्याज, t म्हणजे बंधनाचे एकूण महिने आणि s म्हणजे पूर्ण केलेले महिने. Z 60 हजार असेल आणि 24 पैकी 12 महिने सेवा झाली असेल, तर देणं 90 हजार येतं. निम्मी सेवा करूनही दीडपट! आणि फेडायला मुदत एक वर्षाची. ज्यांना ‘नाही जमलं तर पैसे परत करू’ एवढंच वाटत असतं, त्यांनी हा तिनाचा आकडा लक्षात ठेवावा. हे दंडाचं कलम तुमच्या बॉण्डमध्ये आहे का, हे सही करण्याआधीच बघायचं असतं.

नोकरीचे सगळे दिवस मोजले जातात, असं समजणं

रुजू झाल्यापासूनचे महिने मोजून ‘माझे 30 झाले’ म्हणणं पुरेसं नाही. बिनपगारी रजा, उच्च शिक्षणासाठी घेतलेली सुट्टी, कधी प्रशिक्षणाचा काळ, हे सेवेत धरत नाहीत असे करार पुष्कळ आहेत. आपल्या विद्यार्थिनीने तीन महिने बिनपगारी रजा घेतली असेल, तर 27 महिनेच धरले जातील, आणि महिन्यांच्या वजावटीतही देणं 7 लाख 35 हजारांवर जाईल.

पुढच्या शिक्षणासाठी मिळालेल्या मुदतवाढीचा अर्थही अनेकदा चुकीचा घेतला जातो. मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे. बंधन तसंच राहतं, फक्त पुढे ढकललं जातं, आणि त्या काळात व्याज चालू राहू शकतं. त्यातही परवानगी लेखी आणि आधी घेतलेली असावी लागते. प्रवेश घेऊन मग कळवलं, तर तो बॉण्डचा भंग धरला जाऊ शकतो.

उलट बाजूची चूकही आहे. पदवी हातात आली, पण शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी नेमणूकच दिली नाही. अशा वेळी ‘त्यांचंच काम आहे’ म्हणून गप्प बसू नका. ठरावीक काळात नेमणूक न दिल्यास बंधन संपतं, असं कलम काही करारांत असतं, पण त्याचा फायदा घ्यायला तुम्ही उपलब्ध होता हे सिद्ध करावं लागतं. निकाल लागला की लगेच लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

कागद वेळेवर न पाठवणं

सेवा केली आणि तरी कर्ज झालं, हे खरंच घडलेलं आहे. अमेरिकेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘टीच ग्रँट’ नावाचं अनुदान आहे. अट अशी की शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांत चार वर्षं गरीब भागातल्या शाळेत, कमतरता असलेला विषय शिकवायचा. अट मोडली की अनुदानाचं कर्ज होतं आणि व्याज प्रत्येक हप्ता दिलेल्या तारखेपासून लागतं. यात हजारो शिक्षक असे सापडले, जे अटीप्रमाणे शिकवत होते, पण दरवर्षीचा दाखल्याचा अर्ज उशिरा गेला किंवा त्यात एखादी सही राहिली. त्यांचं अनुदान कर्जात बदललं गेलं आणि मागे फिरवण्याची सोय नव्हती. बातम्यांतून बराच गवगवा झाल्यावर 2018 च्या अखेरीस तिथल्या शिक्षण विभागाने अशी प्रकरणं पुन्हा तपासण्याचा मार्ग खुला केला.

तुमच्याकडून दरवर्षी सेवेचा दाखला मागत असतील, तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. सही करणारा अधिकारी रजेवर असतो किंवा त्याची बदली झालेली असते, आणि उशीर मात्र तुमच्या नावावर लागतो. दाखला मागत नसतील तरी दरवर्षी एक घेऊन ठेवा, कारण पाच वर्षांनी जुन्या कार्यालयात तुमची नोंद शोधून देणारा माणूस सापडेलच असं नाही.

राजीनामा मंजूर म्हणजे सुटलो, असं मानणं

नोकरी देणारे आणि शिष्यवृत्ती देणारे एकच असतील असं नाही. एकाच संस्थेत असले तरी विभाग वेगळे असतात. आस्थापना विभाग तुम्हाला कार्यमुक्त करतो, पण बॉण्ड दुसऱ्याच फाइलमध्ये जिवंत असतो. मागणीची नोटीस काही वर्षांनी, जुन्या पत्त्यावर येते, आणि मधल्या काळाचं व्याज चढलेलं असतं.

योग्य क्रम असा: आधी शिष्यवृत्ती देणाऱ्यांकडून लेखी हिशेब मागा. त्यात मूळ रक्कम, व्याज आणि धरलेले सेवेचे महिने वेगवेगळे दाखवलेले हवेत. तो आपल्या कागदांशी ताडून पाहा, चूक असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. आजारपण किंवा घरची गंभीर अडचण असेल, तर माफी वा सवलतीचा अर्ज याच टप्प्यावर करा. भंग झाल्यावर केलेल्या अर्जाचं वजन कमी होतं. नवी संस्था त्याच क्षेत्रातली असेल, तर उरलेली सेवा तिकडे वर्ग करता येते का हेही विचारा. हप्त्यांची सोय, नव्या नोकरीकडून परतफेड, हे सगळं ठरल्यावरच राजीनामा द्या.

आणि जामीनदारांना विसरू नका. बहुधा ते आई-वडील किंवा एखादे काका असतात, आणि ‘नुसती सही हवी’ म्हणून त्यांची सही घेतलेली असते. जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र असेल, तर शिष्यवृत्ती देणारे तुम्हाला सोडून थेट त्यांच्याकडून सगळी रक्कम मागू शकतात. तुम्ही परदेशात असाल तर तेच सोपं पडतं. पैसे भरून झाले की फक्त पावतीवर थांबू नका. बंधन संपल्याचं आणि जामीनदार मुक्त झाल्याचं पत्र मागून घ्या, आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.