भौतिकशास्त्रातील उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

दिलेले, शोधा, सूत्र, किमती आणि उत्तर या पाच पायऱ्यांना बरेच विद्यार्थी सजावट समजतात आणि वेळ कमी पडू लागला की सर्वप्रथम त्यांच्यावरच काट मारतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडे मात्र गुणांची वाटणी बहुधा याच पायऱ्यांनुसार असते. त्यामुळे जी पायरी कागदावर नाही, तिचा गुण द्यायची इच्छा असली तरी तो देता येत नाही.

भिंगाचे एक साधे उदाहरण घेऊ. 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 30 सेमी अंतरावर 4 सेमी उंचीची वस्तू ठेवली आहे; प्रतिमेचे अंतर आणि उंची काढायची आहे. हेच उदाहरण मी एकदा सराव परीक्षेत दिले होते. त्यातील प्रतिमेच्या अंतराच्या भागाला 3 गुण होते: सूत्राला एक, किमती घालण्याला एक आणि एककासह उत्तराला एक. दोन विद्यार्थ्यांचे उत्तर 12 सेमी आले, म्हणजे दोघांचेही चुकले. पहिल्याला 2 गुण मिळाले, दुसऱ्याला शून्य. दुसरा तणतणत आला, "सर, दोघांचे उत्तर एकच आहे, मग हा भेदभाव कशासाठी?" मी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्याने असे लिहिले होते:

```
दिलेले : u = -30 सेमी, f = +20 सेमी
शोधा   : v = ?
सूत्र   : 1/v - 1/u = 1/f
         1/v = 1/f + 1/u
किमती  : 1/v = 1/20 + 1/(-30)
         1/v = 1/20 + 1/30 = 5/60
उत्तर   : v = 12 सेमी
```

किमती घालण्यापर्यंत सारे बरोबर आहे. कंस सोडवताना ऋण चिन्ह गळले आणि केवळ शेवटचा गुण गेला. दुसऱ्याच्या कागदावर `1/v = 5/60, v = 12` एवढेच होते. त्याने चिन्ह विसरून किंमत घातली, सूत्रच चुकीचे आठवले की बेरीज चुकली, हे त्या ओळीवरून कोणालाही सांगता येणार नाही. "सूत्र माझ्या मनात होते," असे तो म्हणाला. असेलही, पण मनातले सूत्र तपासण्याची सोय अद्याप झालेली नाही.

बरोबर उत्तर `1/v = 3/60 - 2/60 = 1/60`, म्हणजे +60 सेमी. वस्तू नाभी आणि नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावरील बिंदू यांच्या मध्ये आहे, तेव्हा प्रतिमा पलीकडे 40 सेमीपेक्षा दूरच पडायला हवी, आणि एवढे आठवले असते तर 12 हा आकडा पाहताच दोघेही थबकले असते.

माझी दुसरी तक्रार चिन्हांविषयी आहे. कार्टेशियन संकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण, ही नोंद 'दिलेले'मध्येच झाली पाहिजे. काही जण तेथे 30 लिहितात आणि चिन्ह सूत्रातच मुरवून `1/v + 1/u = 1/f` असे मांडतात. हे आरशाचे सूत्र झाले, आणि तपासणारा ते भिंगासाठी चुकीचे ठरवणार. आणखी वाईट म्हणजे हे सुधारित सूत्र पाठ असलेला विद्यार्थी गडबडीत u ऋणही घालतो आणि चिन्ह दोनदा बदलते. म्हणून मी सूत्राला हात लावत नाही, आणि ऋण किंमत कंसात घातल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही.

दशांशाची घाईही नडते. 1/20 म्हणजे 0.05 आणि 1/30 म्हणजे 0.03 धरले, तर वजाबाकी 0.02 येते आणि प्रतिमा 60 ऐवजी 50 सेमीवर जाते. अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवावेत.

1/60 येताच तेच उत्तर म्हणून लिहिणारे दरवर्षी भेटतात. व्यस्त घ्यायचे राहून जाते.

'शोधा' ही ओळ वगळणारे v मिळताच थांबतात आणि उंची तशीच राहते. विशालन `m = v/u = 60/(-30) = -2`, म्हणून प्रतिमेची उंची `-2 × 4 = -8` सेमी. येथे ऋण चिन्ह खोडून नुसते 8 लिहू नये, कारण प्रतिमा उलटी आहे हे तेच चिन्ह सांगते. उत्तराची ओळ मी पूर्ण वाक्यात लिहितो: प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला 60 सेमी अंतरावर मिळते, ती वास्तव व उलटी असून तिची उंची 8 सेमी आहे.